एका वर्षाचा खंड साठीला कितीला पडतो?

आज हिशेबाचं बोलायचं आहे, पण वही-पेन्सिल नसली तरी चालेल. आकडे मी सावकाश सांगेन, आणि फार सांगणार नाही.

बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, दरमहा म्हातारपणासाठी पैसे टाकते आहे. यंदा ओढाताण आहे. एक वर्ष थांबले तर काय बिघडतं? बारा हप्ते चुकतील, पुढे बघू." प्रश्न सरळ आहे आणि तो विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या खान्देशात घराचं उत्पन्न महिन्याच्या एक तारखेला येत नाही. ते कापसाच्या वेचणीला येतं, नाहीतर केळीचा घड कापला की येतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापसाची बोंडं पोखरली. २०१८ साली राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतलेही तालुके होते. २०२० साली टाळेबंदी आली. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांच्या बचतीत एखादं वर्ष हप्ता थांबणार, हे धरूनच चालायचं. पण थांबण्याची खरी किंमत किती, आणि ती कमी कशी करायची, एवढं आपल्याला कळलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. ही बाई खरी नाही, हिशेबासाठी मानलेली आहे. ती धुळे तालुक्यात राहते, वय ३५. घरी शिवणकाम करते, नवऱ्याची कोरडवाहू शेती आहे. तिने म्युच्युअल फंडात दरमहा २ हजार रुपयांची एसआयपी सुरू केली. साठाव्या वर्षापर्यंत, म्हणजे २५ वर्षं, हप्ता भरायचा. वर्षाला २४ हजार आणि पंचवीस वर्षांत ६ लाख रुपये तिच्या खिशातून जातील. वाढीचा दर आपण वर्षाला सरासरी १० टक्के धरू. हा दर कोणी लिहून दिलेला नाही. कधी जास्त मिळेल, कधी कमी, एखाद्या वर्षी तोटाही दिसेल. हिशेबाला एक आकडा लागतो म्हणून तो धरला. या दराने एकही हप्ता न चुकता साठाव्या वर्षी तिची पुंजी होते साधारण २४ लाख ८६ हजार.

आता ती एक वर्ष थांबली असं समजा. प्रश्न असा की कुठलं वर्ष?

ती शेवटचं, पंचविसावं वर्ष थांबली तर तोटा सुमारे २५ हजारांचा. हप्त्यांचे २४ हजार आणि त्यांवरची थोडी वाढ, इतकंच. मधलं, तेरावं वर्ष थांबली तर तोटा सुमारे ७९ हजारांचा. आणि पहिलंच वर्ष थांबली, म्हणजे "पुढच्या वर्षी सुरू करू" असं म्हणून ३५ ऐवजी ३६ व्या वर्षी सुरुवात केली, तर तोटा २ लाख ४९ हजारांचा. खिशात राहिलेले पैसे तिन्ही वेळा तेवढेच, २४ हजार. साठीला कमी पडणारी रक्कम मात्र २५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत बदलते.

असं का होतं? १० टक्क्यांनी पैसा साधारण सव्वासात वर्षांत दुप्पट होतो. पहिल्या वर्षाचे बारा हप्ते वर्षअखेरीला २५ हजारांच्या आसपास जातात. त्यांच्यापुढे अजून २४ वर्षं असतात. सव्वासात वर्षांनी त्यांचे ५० हजार होतात, साडेचौदा वर्षांनी १ लाख, बाविसाव्या वर्षाच्या आसपास २ लाख, आणि उरलेल्या दोन-अडीच वर्षांत अडीच लाखांच्या जवळ. आपण थांबवतो ते बारा हप्ते, पण त्यांच्यासोबत त्यांचं तीनदा दुप्पट होणंही थांबतं. शेवटच्या वर्षाच्या हप्त्यांना दुप्पट व्हायला वेळच नसतो, म्हणून तिथे तोटा लहान. घरी हिशेब करायचा असेल तर एवढंच करा: थांबवलेल्या वर्षाची रक्कम घ्या, साठीला किती वर्षं उरली ते मोजा, आणि दर सात-सव्वासात वर्षांना ती दुप्पट करत जा. कॅल्क्युलेटर लागत नाही.

आपल्या उदाहरणातल्या बाईकडे परत येऊ. पाच वर्षं तिने नियमाने हप्ते भरले. सहाव्या वर्षी कापूस गेला, त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तिने वर्षभर एसआयपी थांबवली आणि सातव्या वर्षापासून पुन्हा सुरू केली. सहाव्या वर्षाच्या खंडाचा तोटा होतो सुमारे १ लाख ५५ हजार. साठीला २४ लाख ८६ हजारांऐवजी २३ लाख ३१ हजार मिळतील. शंभरातले सहा रुपये कमी. पुंजी बुडाली असं नाही, पण दुर्लक्ष करावं इतकी लहानही ही रक्कम नाही.

मात्र इथे महागाई विसरू नका. वीस वर्षांनंतरचा दीड लाख म्हणजे आजचा दीड लाख नव्हे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ते १ लाख ५५ हजार हप्ता थांबवला त्या दिवसाच्या भावाने ४८ हजारांच्या आसपास भरतात. म्हणजे तिने २४ हजारांची सोय केली आणि त्याची किंमत त्याच दिवसाच्या भावाने साधारण दुप्पट मोजली. ऑपरेशनसाठी ही किंमत मोजणं शहाणपणाचं असू शकतं. नव्या सोफासेटसाठी मोजायची का, हे जिचं तिने ठरवावं.

आणि एक तुलना करून बघा. हप्ता चुकू नये म्हणून काही जणी उसने पैसे काढतात. सावकार शेकडा ३ रुपये महिना लावतो असं धरू. दर महिन्याला २ हजार असे काढून एसआयपी चालू ठेवली, तर वर्षअखेरीला व्याज होतं ४ हजार ६८० रुपये. त्याच हप्त्यांवर वर्षभरात मिळणारी वाढ आहे सुमारे १ हजार २८१ रुपये. असं कर्ज काढून बचत करण्यात अर्थ नाही. घरात आधीच असं कर्ज असेल तर हप्ता थांबवून ते आधी फेडणं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "थांबवणं" आणि "मोडणं" हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि खरा मोठा तोटा तिथे होतो. हप्ता थांबवला तरी आधी जमलेली रक्कम फंडात तशीच राहते आणि वाढत राहते. ती काढली, की तिची पुढची सगळी वर्षं संपली.

आपल्या बाईच्या खात्यात पाच वर्षांनी १ लाख ५४ हजार जमले होते. अडचणीच्या वर्षी हप्ता थांबवला, आणि "आता बंदच केलं आहे तर पैसेही काढून घेऊ" म्हणून हे १ लाख ५४ हजारही काढले, तर काय होतं? त्या रकमेचे साठीला १० लाख ३८ हजार झाले असते. त्यात खंडाचे १ लाख ५५ हजार मिळवा. सातव्या वर्षापासून नियमाने पुन्हा हप्ते भरले, तरी साठीला तिच्या हाती येतील १२ लाख ९३ हजार. नुसतं थांबली असती तर २३ लाख ३१ हजार मिळाले असते. म्हणून फंडाचा किंवा बँकेचा फॉर्म भरताना नीट वाचा. हप्ता बंद करण्याचा अर्ज वेगळा असतो आणि पैसे काढण्याचा वेगळा. पैसे काढण्याच्या अर्जावर "रिडेम्प्शन" असा शब्द असतो. तो दिसला तर सही करण्याआधी थांबा आणि विचारा.

थांबायचंच असेल तर रीतसर थांबा. खात्यात पैसे नसताना हप्त्याची तारीख आली, तर फंड दंड लावत नाही, पण बँक लावते, आणि प्रत्येक वेळी लावते. पासबुकात "रिटर्न चार्जेस" अशी नोंद दिसली की समजा, असं झालं आहे. सलग तीन महिने हप्ता परत गेला की एसआयपी आपोआप रद्द होते. मग पुन्हा सुरू करायला नवा फॉर्म आणि बँकेची नवी परवानगी लागते. बऱ्याच फंडांत काही महिन्यांपुरता हप्ता स्थगित ठेवण्याची सोय असते, पण पूर्ण वर्षाची बहुधा नसते. तेव्हा वर्षभर थांबायचं तर अर्ज देऊन बंद करा. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी अर्ज दिला तर तो हप्ता कापला जाऊ शकतो, म्हणून काही आठवडे आधीच द्या.

सगळ्या योजनांना एकच नियम नाही. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत, जिला आपण आरडी म्हणतो, थकलेल्या हप्त्यावर शंभराला महिन्याला १ रुपया दंड असतो. चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, आणि दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. म्हणजे आरडीत वर्षभराचा खंड बसतच नाही. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. तेही भरले नाहीत तर खातं खंडित होतं. आधीच्या रकमेवर व्याज चालू राहतं, पण त्यातून कर्ज किंवा मधली उचल मिळत नाही. पुन्हा चालू करायला चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० रुपये आणि वर ५० रुपये दंड भरायचा. म्हणून पीपीएफवालीने कितीही अडचण असली तरी मार्चअखेरीच्या आत ५०० रुपये भरून टाकावेत. विम्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे हप्ता थांबला की पॉलिसी बंद पडते आणि घराला असलेलं संरक्षणच जातं. बचतीचा हप्ता आणि विम्याचा हप्ता यांत एकच भरता येत असेल, तर आधी विम्याचा भरा, आणि कुटुंब ज्याच्या कमाईवर चालतं त्याचा आधी.

आता तोटा भरून कसा काढायचा ते बघू. यातला पहिला उपाय खान्देशातल्या घरांना सोपा जाणारा आहे. आपलं पीक एकदम हाती येतं, तर पैसेही एकदम टाकता येतात. एसआयपी बंद असली तरी त्याच फोलिओत, म्हणजे त्याच खात्यात, जादा रक्कम टाकता येते. आपल्या बाईने सहाव्या वर्षात एकही हप्ता भरला नाही, पण वर्षअखेरीला पीक आल्यावर २४ हजार एकरकमी टाकले, तर साठीचा तोटा १ लाख ५५ हजारांवरून ८ हजारांच्याही आत येतो. कारण चुकलेली ती फक्त त्या एका वर्षातली थोडी वाढ. पुढचं सगळं दुप्पट होणं तिला परत मिळालं. तेच २४ हजार आणखी दोन वर्षांनी टाकले तर तोटा सुमारे ३३ हजारांचा होतो. जितका उशीर तितका तोटा, पण टाकायचं ठरवलं तर अजिबात न टाकण्यापेक्षा फार बरं.

दुसरा उपाय, एकरकमी जमणारच नसेल तर. सातव्या वर्षापासून दरमहा २ हजारांऐवजी २ हजार २४० रुपये भरायचे, साठीपर्यंत. एका वर्षाच्या खंडाचं पूर्ण नुकसान एवढ्याने भरून निघतं. महिन्याला २४० रुपये, म्हणजे दोन-चार ब्लाऊजची शिलाई. पण ती १९ वर्षं भरत राहावी लागते, हे लक्षात ठेवा.

तिसरा उपाय थांबण्याआधीचा. पूर्ण बंद करण्यापेक्षा हप्ता कमी करता येतो का बघा. बऱ्याच फंडांत महिना ५०० रुपयांची एसआयपीही चालते. २ हजारांची बंद करून ५०० ची चालू ठेवली, तर तोटा १ लाख ५५ हजारांवरून १ लाख १६ हजारांवर येतो. पैशात फरक बेताचाच आहे, हे खरं. पण खातं चालू राहतं आणि सवय मोडत नाही. आणि एका वर्षासाठी बंद केलेला हप्ता पुष्कळदा एका वर्षाने सुरू होत नाही. पहिल्या वर्षी कापूस, दुसऱ्या वर्षी मुलीचं अॅडमिशन, तिसऱ्या वर्षी दिराचं लग्न. सहावं, सातवं, आठवं अशी तीन वर्षं गेली तर साठीचा तोटा ४ लाख २३ हजार होतो. म्हणून बंद करताना सुरू करण्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. "परिस्थिती सुधारल्यावर" असं लिहू नका. "डिसेंबरची ५ तारीख" असं लिहा, आणि बचत गटातल्या एका मैत्रिणीला सांगून ठेवा, म्हणजे ती विचारेल.

शेवटची गोष्ट, बाजार पडला म्हणून थांबणाऱ्यांसाठी. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या थोडा खाली बंद झाला होता. तेव्हा अनेकांनी घाबरून हप्ते बंद केले. २०२१ च्या मार्चअखेरीला तोच सेन्सेक्स ४९ हजारांच्या वर होता. एसआयपीत आपण दर महिन्याला फंडाचे युनिट विकत घेतो. भाव पडलेला असतो तेव्हा त्याच २ हजारांत जास्त युनिट येतात, जसं केळी स्वस्त झाली की त्याच पैशात डझनभर जास्त येतात. म्हणून जे त्या वर्षी थांबले, त्यांचा तोटा आपल्या सरासरीच्या हिशेबापेक्षा बराच जास्त झाला. उलटंही होऊ शकतं. महाग बाजारात थांबली आणि मग बाजार पडला, तर तोटा कमी भरतो. पण कुठलं वर्ष कसं जाणार हे आधी कोणालाच कळत नाही. तेव्हा हातात पैसे नाहीत हे थांबायचं कारण असू शकतं. बाजार पडला, हे नाही.

टाळेबंदीत सरकारलाही हे मान्य करावं लागलं होतं की लोकांना काही महिने हप्ता जमणार नाही. अटल पेन्शन योजनेचे हप्ते एप्रिल ते जून २०२० खात्यातून कापले गेले नाहीत, आणि राहिलेले हप्ते ३० सप्टेंबरपर्यंत भरले तर दंडाचं व्याज लागणार नव्हतं. म्हणजे तिथेही रीत तीच होती. थांबा, पण मोडू नका, आणि राहिलेलं एका ठरलेल्या तारखेच्या आत भरा.

तर मैत्रिणींनो, यंदा ज्यांची ओढाताण आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढंच करा. साठीला किती वर्षं उरली ते मोजा आणि वर्षाचे हप्ते त्या वर्षांत कितीदा दुप्पट होतील ते बघा. मग घरातल्यांना तो आकडा सांगा आणि हप्ता थांबवायचा, कमी करायचा की चालू ठेवायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवा. नमस्कार.